प्रकल्प नोंदी : शिळ्या भाताला फोडणी दिली की उष्मांक किती वाढतात?

५ जानेवारी, नागपूर

बाबांच्या आहाराचा हिशोब मी एका स्प्रेडशीटमध्ये ठेवते. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना दिवसाला १६०० किलोकॅलरीची मर्यादा घालून दिली आहे, त्यातल्या साधारण ३०० नाश्त्याला. ताज्या स्वयंपाकाचे आकडे आता बऱ्यापैकी जमले आहेत, कारण सगळं सामान कच्चं असतानाच तोलून होतं. घोळ होतो तो सकाळी. आमच्याकडे थंडीत रात्रीचं उरलेलं सकाळी कढईत किंवा तव्यावर परतून खातात. फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा, तव्यावर गरम केलेली भाजी. शीटमध्ये मात्र त्याची नोंद रात्रीच्याच आकड्याने होते. ‘भात, १८० ग्रॅम’ असं लिहिलं की शीट साध्या भाताचे उष्मांक देऊन मोकळी होते. सकाळी कढईत पडलेलं तेल कुठेच येत नाही.

नाश्त्याची मर्यादाच ३०० ची असेल तर पळीभर तेल ही किरकोळ गोष्ट राहत नाही. म्हणून हा छोटा प्रकल्प: परतून गरम केलेल्या उरल्यासुरल्या अन्नाचे उष्मांक पुन्हा कसे मोजायचे, याची एक पद्धत ठरवायची. आईला रोज सकाळी गडबडीतही पाळता येईल इतकी ती सोपी हवी. सुरुवात भातापासून, कारण घरात तोच जास्त उरतो.

६ जानेवारी

आधी पाया पक्का केला. रात्री २०० ग्रॅम तांदूळ लावला, एचएमटी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेलं हे वाण आमच्या घरी वर्षानुवर्षं चालतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत कच्च्या पॉलिश केलेल्या तांदळाला १०० ग्रॅमला साधारण ३५६ किलोकॅलरी धरल्या आहेत. म्हणजे २०० ग्रॅमच्या ७१२. भात शिजवताना तेल-तूप काही घातलं नाही. शिजल्यावर वजन भरलं ५७० ग्रॅम. ७१२ भागिले ५७०, म्हणजे ग्रॅमला १.२५.

जेवण झाल्यावर उरलेला भात डब्यात भरतानाच तोलला: ३२० ग्रॅम. १.२५ ने गुणलं की ४०० किलोकॅलरी. हा आकडा डब्यावर चिठ्ठी लावून लिहून ठेवला. रात्रीच लिहायचं कारण उद्या सकाळी कळेल.

७ जानेवारी

सकाळी डबा फ्रीजमधून काढून पुन्हा तोलला. भात ३१२ ग्रॅम. झाकण असूनही ८ ग्रॅम कमी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. गेलं ते फक्त पाणी, आणि पाण्याला उष्मांक नसतात. डब्यातल्या किलोकॅलरी रात्री होत्या तेवढ्याच, ४००. सकाळचं वजन घेऊन १.२५ ने गुणलं असतं तर ३९० आले असते. फरक लहान आहे, पण उघड्या वाटीत दोन दिवस राहिलेल्या भातात तो बराच मोठा होतो. म्हणून नियम असा ठेवला: उरलेल्या अन्नाचे उष्मांक डब्यात भरताना ठरतात, सकाळचं वजन त्यासाठी घ्यायचं नाही.

मग फोडणी. फल्ली तेलाची बरणी काट्यावर ठेवली, टेअरचं बटण दाबून शून्य केलं आणि आईला म्हटलं, नेहमीसारखं घाल. तिने पळीने तेल काढून कढईत सोडलं आणि पळी पुन्हा बरणीत ठेवली. काट्यावर आलं उणे १८. म्हणजे बरणीतून १८ ग्रॅम गेलं. ही उलटी मोजणी मला सगळ्यांत आवडली, कारण यात आईच्या हाताची सवय बदलावी लागत नाही आणि पळीला चिकटलेलं तेलही आपोआप वजा होतं. अट एकच, पळी परत बरणीत गेली पाहिजे.

तेलाच्या ग्रॅमला ९ किलोकॅलरी. १८ ग्रॅमच्या १६२. आई बघून म्हणाली, “एवढंसं तेल तं लागतंच नं, नाहीतर भात कढईला धरतो.” तिचं खरंच आहे, आणि तेल कमी करायचा हा प्रकल्प नाहीच. जे घातलं ते वहीत आलं पाहिजे, एवढंच.

कांदा ६० ग्रॅम, हिरवी मिरची, वरून थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर. या सगळ्याच्या मिळून २५ धरल्या. फल्लीदाणे आज मुद्दाम घातले नाहीत, तेलाचा परिणाम वेगळा दिसावा म्हणून. एकूण हिशोब: भाताच्या ४००, तेलाच्या १६२, बाकीच्या २५, मिळून ५८७.

आता कढईतून ताटात. रिकाम्या कढईचं वजन आधी घेऊन ठेवलं होतं, ते वजा जाता तयार भात भरला ३५६ ग्रॅम. ५८७ भागिले ३५६, म्हणजे ग्रॅमला १.६५. बाबांनी १८० ग्रॅम घेतला, त्याच्या झाल्या २९७ किलोकॅलरी. जुन्या पद्धतीने शीटमध्ये २२५ लागल्या असत्या. एका नाश्त्यात ७२ चा फरक, आणि असा नाश्ता आठवड्यातून तीन-चारदा होतो. वही सांगते त्या वेगाने बाबांचं वजन का उतरत नाही, याचं निदान एक कारण तरी हाती लागलं.

८ जानेवारी

दादाने काल रात्री शीट पाहिली आणि विचारलं, एवढा खटाटोप कशाला? परतण्याआधीचं वजन घे, नंतरचं घे, वाढलं तेवढं तेल. सुचायला ही पद्धत सोपी आहे आणि बरेच जण तशीच करत असतील, म्हणून कालच्याच आकड्यांवर ती लावून पाहिली.

परतण्याआधी भात ३१२ आणि कांदा ६०, मिळून ३७२ ग्रॅम. परतल्यावर ३५६. वजन वाढलं नाही, उलट १६ ग्रॅम घटलं. या हिशोबाने तेल शून्याच्याही खाली जातं. झालं असं की १८ ग्रॅम तेल आत आलं आणि त्याच वेळी ३४ ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं. काटा दोन्हींची फक्त वजाबाकी दाखवतो. तेल आणि पाणी एकाच वेळी विरुद्ध दिशांना चाललेले असताना शेवटच्या वजनावरून तेल ओळखता येत नाही. भात जितका जास्त परतावा तितकं वजन खाली जातं आणि तेल ‘कमी’ दिसतं. प्रत्यक्षात त्याच वेळी दर ग्रॅममागचे उष्मांक वर चढत असतात.

दादाला हे पटलं. मग शेवटचं वजन घ्यायचं तरी कशाला, असं त्याने विचारलं. ते लागतं, पण वाटणीसाठी. कढईत एकूण किती उष्मांक आहेत ते आत गेलेल्या वस्तूंवरून ठरतं. त्यातले बाबांच्या ताटात किती गेले, ते ताट आणि कढई यांच्या वजनांच्या प्रमाणावरून. दोन वजनांची कामं वेगळी आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की हिशोब बिघडतो.

शीटमध्ये सूत्र असं बसवलं:

```
=ROUND((B2*C2 + (D2-E2)*F2 + G2) * H2 / I2, 0)
```

B2 मध्ये डब्यात भरतानाचं वजन, C2 मध्ये त्या अन्नाचे दर ग्रॅमचे उष्मांक, D2 मध्ये घातलेलं तेल किंवा लोणी, E2 मध्ये भांड्यात उरलेलं, F2 मध्ये त्या स्निग्धाचे दर ग्रॅमचे उष्मांक, G2 मध्ये इतर सामानाचे एकूण. H2 म्हणजे ताटातलं वजन आणि I2 म्हणजे कढईतल्या तयार अन्नाचं वजन. कालचे आकडे घालून २९७ आले.

१० जानेवारी

आज आईने भातावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं, कारण भात फार कडक झाला होता. मोजमाप बरोबर कालपरवासारखंच ठेवलं: तेवढाच भात, तेवढंच तेल, तेवढाच कांदा. एकूण पुन्हा ५८७. पण तयार भात भरला ३८६ ग्रॅम, त्यामुळे दर ग्रॅमला १.५२. बाबांच्या १८० ग्रॅमला २७४.

यातून एक गोष्ट पक्की झाली. ‘फोडणीचा भात’ म्हणून एक ठरावीक आकडा शीटमध्ये साठवून तो रोज वापरायचा विचार होता, तो सोडला. एकाच घरात, एकाच हाताने, एवढ्याच तेलात केलेला भात झाकण ठेवलं की नाही यावरून बदलतो. साठवायचा तो साध्या भाताचा आकडा. कढईची बेरीज त्या त्या दिवशीच करायची.

कढईला चिकटलेल्या तेलाचाही आज छडा लावला. भात काढून, खरवड आईने खाल्ल्यावर, आधी तोललेल्या कोरड्या कागदाने कढई पुसली. कागद २ ग्रॅमने वाढला. म्हणजे १८ किलोकॅलरी, आणि त्या तिघांच्या वाटणीतल्या. माझा काटा १ ग्रॅमच्या पायरीचा आहे, त्यामुळे १ आणि २ यांत तो फारसा खात्रीने फरक सांगत नाही. ठरवलं की भात, पोहे, कुस्करा अशा तेल शोषून घेणाऱ्या पदार्थांना E2 शून्य ठेवायचं. कढई तिरपी केल्यावर तेल एका बाजूला गोळा होताना दिसलं तरच मोजायचं.

१२ जानेवारी

तेल गोळा होतं अशी वेळ आजच आली. काल वडा भात होता, चार वडे उरले. वडे पुन्हा कुरकुरीत करायला आई पसरट तव्यात सढळ तेल घेते. बरणी उणे ४० दाखवत होती. हे सगळं पोटात गेलं असं धरलं तर ३६० किलोकॅलरी होतात, वड्यामागे ९०.

वडे काढून तेल निवू दिलं, गाळून वाटीत तोललं: ३१ ग्रॅम. वड्यांखालचा कागद २ ग्रॅमने वाढलेला. म्हणजे वड्यांबरोबर गेलं ७ ग्रॅम, ६३ किलोकॅलरी, वड्यामागे साधारण १६. इथे E2 चा रकाना नसता तर हिशोब पाचपटीहून जास्त फुगला असता.

यात एक बारकावा आहे. काल तळताना वड्यांनी प्यालेलं तेलही गरम होताना थोडं बाहेर येतं आणि तव्यातल्या तेलात मिसळतं. मग ३१ ग्रॅममध्ये कालचं किती आणि आजचं किती? ते शोधायची गरज नाही. कालचं तेल वड्यांच्या मूळ आकड्यात आधीच धरलेलं आहे. आज तव्यात ४० गेलं आणि तवा व कागद मिळून ३३ बाहेर राहिलं, तर वड्यांतलं तेल नेमकं ७ ने वाढलं, ते कुठल्याही दिवसाचं असो. मटणासारखं चरबी सोडणारं काही कोरडं परतलं तर हाच आकडा उणे येऊ शकतो, आणि तोही बरोबरच असतो. फक्त गाळायला हवं, कारण तेलात पडलेला चुरा तोलला गेला तर तोही तेल म्हणून वजा होतो.

१५ जानेवारी

संक्रांतीच्या गडबडीत दोन दिवस काही मोजलं नाही. तिळाचे लाडू सरळ नगावर धरले.

आज लोणी. पावभाजीची भाजी उरली होती, डब्यात भरताना २४० ग्रॅम, दर ग्रॅमला १.१, म्हणजे २६४. ताजी भाजी करताना घातलेलं लोणी या १.१ मध्ये आलेलं आहे, ते पुन्हा धरायचं नाही. आज तव्यावर नवीन घातलं तेवढंच मोजायचं. पाकिटातून कापलेला तुकडा २५ ग्रॅम.

लोण्याला तेलाचे ९ लावून चालत नाही. टेबल बटरमध्ये दुधाचं स्निग्ध कमीत कमी ८० टक्के असावं लागतं. बाकीचं बहुतेक पाणी, थोडं मीठ आणि दुधातले इतर घटक. म्हणून ग्रॅमला साधारण ७.२ धरले. २५ ग्रॅमच्या १८०.

मुद्दाम तवा काट्यावर घेऊन पाहिलं. लोणी वितळलं, फेस आला, तडतड झाली, आणि आवाज शांत झाल्यावर लोण्याचं वजन राहिलं २१ ग्रॅम. ती तडतड म्हणजे पाणी जाण्याचाच आवाज. इथे तव्यावरचं वजन घेणारा माणूस २१ ला ७.२ ने गुणेल आणि १५१ लिहील, २९ कमी. प्रत्यक्षात स्निग्धाचा कणही कुठे गेलेला नाही. लोणी नेहमी थंड तुकडा असतानाच तोलायचं आणि पाकिटावरच्या आकड्याने गुणायचं. तेलात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे ते थंड तोला की गरम, वजन तेच येतं.

चमच्याने मोजणाऱ्यांसाठी एक फरक लिहून ठेवते. १५ मिलिलिटरच्या मोठ्या चमच्यात तेल १४ ग्रॅमच्या आत-बाहेर बसतं, पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे पूर्ण १५ नाही. त्याच्या साधारण १२४ किलोकॅलरी होतात. तेवढ्याच वजनाचं लोणी १०० च्या आसपास. त्यामुळे तेलाच्या जागी चमच्याला चमचा लोणी घातलं तर उष्मांक थोडे कमीच भरतात. आमच्याकडे वाढतात कारण लोण्याचा तुकडा चमच्यापेक्षा मोठा कापला जातो.

१७ जानेवारी

आहारतज्ज्ञ बाईंना शीट दाखवली. त्यांनी एक प्रश्न काढला जो दादानेही विचारला होता: फ्रीजमध्ये थंड झालेल्या भाताचे उष्मांक कमी होतात म्हणतात, ते धरलं का?

धरलं नाही, आणि का ते त्यांना सांगितलं. भात थंड झाला की त्यातल्या काही स्टार्चची रचना घट्ट होते, तो लहान आतड्यात पचत नाही आणि पुन्हा गरम केल्यावरही बराचसा तसाच राहतो. पण पांढऱ्या भातावर झालेल्या मोजमापांत ही वाढ १०० ग्रॅमला साधारण १ ग्रॅमची दिसते. अशा स्टार्चचे उष्मांक ४ ऐवजी २ धरले तर १०० ग्रॅम भातामागे २ किलोकॅलरी वाचतात. आमच्या ३२० ग्रॅमच्या डब्यात ६-७. एवढ्या तर १ ग्रॅम तेलाने भरून निघतात, आणि १ ग्रॅम ही माझ्या काट्याची पायरीच आहे. साखरेवर होणारा परिणाम हा वेगळा विषय, त्यावर बाईंनी स्वतंत्र सूचना दिल्या. उष्मांकांच्या शीटमध्ये ही सूट घेतली की फोडणीचा भात ‘हलका’ वाटू लागतो, आणि १६२ किलोकॅलरीचं तेल डोळ्याआड होतं. बाईंनीही ती न घ्यायलाच सांगितलं.

१९ जानेवारी

पद्धत कुठे चालत नाही ते आज दिसलं. काल सावजी पद्धतीचा रस्सा होता. उरलेला गंज फ्रीजमधून काढला तर वर तर्रीचा जाड थर आणि खाली पातळ रस्सा. माझा सगळा हिशोब दर ग्रॅमला एकच आकडा धरून चालतो. फडफडीत भातात तो खरा आहे, रश्श्यात नाही. वरचा डाव घेणाऱ्याच्या वाटीत तेल, तळाचा घेणाऱ्याच्या वाटीत मसाला आणि पाणी, आणि शीटमध्ये दोघांच्या नावावर सारखेच उष्मांक.

यावर दोनच उपाय दिसले. एक, चांगला उकळून, ढवळत ढवळत वाढायचा आणि मग वजनाने वाटायचा. दुसरा, थंड असतानाच तर्री पळीने वेगळी काढून तोलायची आणि ग्रॅमला ९ ने एकूणातून वजा करायची. आज दुसरा केला. निघाली ३४ ग्रॅम, साधारण ३००. त्यात थोडं पाणी आणि मसाला आला असणार, तेव्हा खरा आकडा याहून काहीसा कमी. बाबांना वाटीवर चमचाभर तर्री हवी होती, ती तोलून परत घातली. तर्रीशिवाय रस्सा त्यांना चालत नाही आणि चालवायला लावायचं कारणही नाही, ५ ग्रॅमचे ४५ लिहिले की झालं.

२१ जानेवारी

काटा बाहेर काढायला वेळ नसतो अशा दिवसांसाठी आईची पळी मोजून ठेवली. काठोकाठ भरली तर १८ ग्रॅम, आतल्या खुणेपर्यंत १२. आई त्या खुणेचा अंदाज डोळ्याने घेते आणि तो एखाद-दुसऱ्या ग्रॅमच्या आत येतो, हे बरणी उणे करून तपासलं.

तुपाचं मात्र चमच्यावर जमत नाही. ग्रॅमला तेही ९ च, पण सध्याच्या थंडीत बरणीतलं तूप घट्ट आहे आणि लहान चमचा खुपसला की वर ढीग येतो. आज कुस्कऱ्यावर घातलेला चमचा तोलला तर ११ ग्रॅम निघाला. तोच चमचा वितळलेल्या तुपाने सपाट भरला तर साडेचारच्या आसपास भरतो, काट्यावर कधी ४, कधी ५. एकाच ‘चमचाभर’ शब्दाखाली ४० आणि ९९ किलोकॅलरी. उन्हाळा लागून तूप पातळ होईपर्यंत ते बरणी काट्यावर ठेवूनच घ्यायचं, असं फ्रीजवरच्या कागदावर लिहून लावलं आहे.